‘यावर आजवर कोणीच संशोधन केलेलं नाही’: हे वाक्य का अडचणीत आणतं? रिसर्च गॅप कसा मांडायचा?

पीएचडीचा सिनॉप्सिस असो की एमएचा लघुप्रबंध, सुरुवातीच्या पानांत एक वाक्य हमखास दिसतं: ‘या विषयावर आजवर कोणीच संशोधन केलेलं नाही.’ हे वाक्य खोटं ठरवायला एक पेपर पुरेसा असतो. परीक्षकांनी तो समोर ठेवला, की चांगल्या अभ्यासाचंही समर्थन डळमळीत होतं.

रिसर्च गॅप म्हणजे नेमकं काय?

ज्याचं उत्तर आधीच्या संशोधनात नाही आणि ज्याच्या उत्तराची कोणाला तरी गरज आहे, असा प्रश्न म्हणजे रिसर्च गॅप. दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात.

त्यासाठी ‘पहिलं’ असण्याची गरज नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनेचा प्रसिद्ध आराखडा मांडला. त्यात अभ्यासाला जागा करून देण्याचे चार मार्ग आहेत: आधीच्या दाव्याला आव्हान देणं, उणीव दाखवणं, प्रश्न उपस्थित करणं किंवा आधीचं काम पुढे नेणं.

आधीचं काम न पाहिल्यास काय होतं?

ॲप्रोटिनिन हे शस्त्रक्रियेतला रक्तस्राव कमी करणारं औषध. १९८७ ते २००२ दरम्यान हृदयशस्त्रक्रियेत त्याच्या ६४ चाचण्या प्रसिद्ध झाल्या. डीन फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्या क्रमाने एकत्र मांडल्या. रक्त चढवण्याची गरज या औषधाने कमी होते, हे १९९२ मधल्या बाराव्या चाचणीपर्यंतच स्पष्ट झालं होतं. तरीही पुढे ५२ चाचण्या झाल्या आणि त्यांच्या पेपरमध्ये आधीच्या मोजक्याच चाचण्यांचा उल्लेख होता. औषधाच्या सुरक्षिततेवर पुढे वेगळे प्रश्न उठले, पण रक्ताच्या गरजेबाबतचा गॅप कधीच भरला होता.

एक उदाहरण पाहू या

समजा, एका विद्यार्थिनीला लातूरमध्ये क्लाससाठी होस्टेलवर राहणाऱ्या मुलांचा मोबाइल आणि झोप यांचा संबंध तपासायचा आहे. तिचा पहिला मसुदा असा: ‘मोबाइल आणि झोप यांवर लातूरमध्ये कोणीच अभ्यास केलेला नाही.’

हे कदाचित खरंही असेल, पण फक्त गाव बदलल्याने गॅप तयार होत नाही. लातूरमध्ये उत्तर वेगळं का येईल, हे सांगावं लागतं. इथे कारण आहे: या मुलांसाठी मोबाइल करमणुकीचं साधन आहे आणि अभ्यासाचंही. रात्री रेकॉर्डेड लेक्चर पाहणं आणि रील्स पाहणं यांचा झोपेशी संबंध सारखाच असेल का?

आता हा प्रश्न खरंच मोकळा आहे का, हे शोधायचं. गुगल स्कॉलर, पबमेड आणि भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा पाहता येतं. इंग्रजीत शोधताना समानार्थी शब्दही घ्यावे लागतात. उदाहरणार्थ, पबमेडवर:

```
(smartphone OR "mobile phone") AND sleep AND (student OR adolescent)
```

कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी शोधलं आणि किती पेपर वाचले, याची नोंद ठेवायची. ‘संशोधन नाही’ याऐवजी ‘या शोधात आढळलं नाही’ असं लिहिण्याचा आधार हीच नोंद असते.

समजा, तिला बहुतेक पेपरमध्ये मोबाइलचा एकूण वेळच मोजलेला दिसला. मग मसुदा असा होईल:

‘झोपण्याआधीचा मोबाइल वापर आणि कमी झोप यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मात्र, पाहिलेल्या अभ्यासांपैकी बहुतेकांनी वापराचा एकूण वेळ मोजला. अभ्यासासाठीचा आणि करमणुकीसाठीचा वापर वेगळा केला नाही. रात्रीच्या ऑनलाइन लेक्चरची वेळ ठरवताना हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. प्रस्तुत अभ्यास लातूरमधल्या होस्टेलच्या विद्यार्थ्यांमध्ये या दोन वापरांचा झोपेच्या तासांशी असलेला संबंध तपासतो.’

यात चार गोष्टी क्रमाने येतात: काय माहीत आहे, काय माहीत नाही, त्याने कोणाचा कोणता निर्णय अडला आहे आणि हा अभ्यास त्यातला किती भाग भरणार आहे.

शेवटची तपासणी

गॅप आणि पद्धत जुळतात का, हे पाहायचं. शेवटच्या वाक्यात ‘संबंध’ आहे, ‘परिणाम’ नाही. कारण एकदाच प्रश्नावली भरून घेतल्यावर मोबाइलमुळे झोप कमी झाली की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला, हे कळत नाही. ‘परिणाम तपासला’ असं लिहिलं, तर हा अभ्यास भरू शकत नाही असा गॅप तो स्वतःच उघडा करतो.

‘प्रथमच’, ‘पूर्णपणे दुर्लक्षित’, ‘क्रांतिकारी’ हे शब्द काढून मसुदा पुन्हा वाचावा. ते काढल्यावर अभ्यासाचं कारण उरत नसेल, तर वाक्य सुधारून उपयोग नाही. प्रश्नच पुन्हा ठरवावा लागेल आणि ते डेटा गोळा करण्याआधी कळलेलं बरं.