डास किती मारायचे? आणि पट्टी कुठे वाकणार?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की समीकरणांना कसला आलाय इतिहास? आहे ना. आणि त्यातला एक तुकडा तर आपल्या डासांचाच आहे.

रोनाल्ड रॉस. १८९७ साली सिकंदराबादला त्याने डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, १९०२ ला नोबेल मिळालं. इथपर्यंत शाळेत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. रॉस म्हणायला लागला, डास कमी करा, मलेरिया जाईल. लोक म्हणाले, सगळे डास कोण मारणार? मग १९११ साली आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने थेट समीकरणं मांडली. उत्तर असं, की सगळे मारायची गरजच नाही. एका ठरावीक संख्येच्या खाली आणले की बास.

ही 'ठरावीक संख्या' नेमकी काय असते? रॉसच्या समीकरणांत माणसं आणि डास दोन्ही होते. मी इथे एकच राशी ठेवतो. x म्हणजे गावातल्या आजारी लोकांचं प्रमाण, b म्हणजे लागण पसरण्याचा वेग (डास वाढले की हा वाढतो), आणि g म्हणजे बरं होण्याचा वेग.

x' = bx(1 − x) − gx

यात बदल थांबतो अशा दोन जागा आहेत. एक x = 0, म्हणजे कुणीच आजारी नाही. दुसरी x = 1 − g/b. समजा दर आठवड्याला आजाऱ्यांपैकी १० टक्के बरे होतात, g = 0.1. डास भरपूर, b = 0.15. मग दुसरी जागा १/३ वर येते. गावात एक जरी आजारी आला तरी हळूहळू तिसरा हिस्सा गाव आजारी होऊन तिथेच टिकतं. शून्य अस्थिर, १/३ स्थिर.

आता डास कमी केले, b = 0.08. दुसरी जागा −0.25 वर गेली. उणे माणसं आजारी कशी असतील? नसतातच, पण गणितात ती जागा अजून आहे, फक्त आता ती अस्थिर आहे आणि शून्य स्थिर झालंय. शून्यापाशी उतार b − g, दुसऱ्या जागेपाशी बरोबर उलटा, g − b. b = g झालं की दोघी एकमेकींना भेटतात, स्थिरतेची अदलाबदल करतात आणि आपापल्या वाटेने पुढे जातात. हेच ट्रान्सक्रिटिकल बायफर्केशन. त्याचं सगळ्यात साधं रूप x' = rx − x². 'बायफर्केशन' हा शब्द गणितात आणला आँरी पाँकारेने १८८५ साली, फिरणाऱ्या द्रवाच्या गोळ्यांवर काम करताना. स्थिरतेच्या अदलाबदलीची कल्पनाही त्याच लेखातली.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. b = 0.08 असताना आजारी १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर यायला साधारण १०० आठवडे लागतात. b बरोबर 0.1 असेल तर? ९०० आठवडे. सतरा वर्षं! उंबरठ्यावर सगळं इतकं संथ होतं, की मोहीम चालवणाऱ्याला वाटावं, काही उपयोगच नाही. डास आणखी थोडेसे कमी केले असते तर चित्र पालटलं असतं.

आता दुसरा प्रकार. प्लास्टिकची पट्टी उभी धरा आणि वरून दाबा. आधी सरळ राहते, मग एकदम डावीकडे किंवा उजवीकडे फुगते. ऑयलरने १७४४ सालीच हे वजन काढलं होतं, आणि लांबी दुप्पट केली की ते चौथाईवर येतं. इथे डावं-उजवं सारखंच, म्हणून समीकरणात x² चालत नाही, x³ लागतो.

x' = rx − x³

r उणे असताना एकच जागा, सरळ पट्टी, स्थिर. r शून्याच्या वर गेला की सरळ पट्टी अस्थिर, आणि ±√r अशा दोन नव्या स्थिर जागा. मघाशी दोन्ही जागा आधीपासून होत्या, इथे दोन नव्याने जन्मल्या. आलेख गवत उचलायच्या दाताळ्यासारखा दिसतो, म्हणून नाव पिचफोर्क.

खरी पट्टी मात्र कधीच अगदी सरळ नसते. ती एका बाजूला जरा कललेली असते, म्हणजे समीकरणात छोटासा h मिळवायचा: x' = h + rx − x³. मग दाताळं तुटतं. पट्टी दरवेळी त्याच बाजूला, गुपचूप वाकत जाते. दुसरी बाजू नाहीशी होत नाही, पण पुरेसा दाब असताना बोटाने ढकललं तरच टक्कन तिकडे जाते. करून बघा.

आणि x³ च्या आधी उण्याऐवजी अधिक असेल तर? मग बाजूच्या दोन फांद्या अस्थिर असतात आणि उंबरठ्याच्या आधीच हजर असतात. छोटासा धक्का त्यांच्यापलीकडे गेला, की रचना परत येत नाही. पातळ नळकांडी ऑयलरच्या पद्धतीने काढलेल्या वजनाच्या कितीतरी आधी का चेपतात, हे वॉर्नर कॉइटरने १९४५ साली डेल्फ्टच्या प्रबंधात असंच उलगडलं: नळकांड्याच्या पत्र्यात डोळ्याला न दिसणारा पोचा असला तरी पुरतो.