चलनघसरण आणि पर्यटन

एखाद्या देशाच्या चलनाचा परकीय चलनांतील दर उतरला की त्या देशातली हॉटेले, जेवण, टॅक्सी आणि बाजारहाट परदेशी प्रवाशाला स्वस्त पडतात. त्यामुळे येणाऱ्यांच्या संख्येत आणि त्यांच्या खर्चात जो बदल होतो, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. सरकारने ठरवून दर खाली आणला तर त्याला अवमूल्यन म्हणतात. बाजारात तो आपोआप उतरला तर ती नुसती घसरण. प्रवाशाच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. घसरणीनंतर पर्यटन वाढते हे साधारण खरे असले, तरी ही वाढ उशिरा येते. शिवाय कोणत्या मापाने मोजावे यावर उत्तर बदलते. आलेली माणसे, देशी चलनातला खर्च आणि डॉलरमधली कमाई ही तीन मापे वेगवेगळ्या वेळी हलतात, आणि काही काळ तर परस्परांविरुद्ध दिशांनीही जातात.

याचे स्पष्ट उदाहरण थायलंडचे आहे. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाटचा डॉलरशी बांधलेला दर सोडून दिला. तोवर डॉलरला सुमारे २५ बाट पडत. जानेवारी १९९८ मध्ये दर ५० च्या पलीकडे गेला आणि त्या वर्षाची सरासरी ४१ च्या आसपास राहिली. परदेशी प्रवासी १९९६ मध्ये सुमारे ७२ लाख होते. १९९७ मध्येही ते जवळपास तेवढेच राहिले. १९९८ मध्ये ७८ लाख, १९९९ मध्ये ८६ लाख आणि २००० मध्ये ९५ लाख प्रवासी आले. म्हणजे चलन वर्षभरात कोसळले, पण माणसांची खरी वाढ पुढच्या दोन-तीन वर्षांत झाली.

पहिल्याच दिवशी जो बदलला तो बँकॉकमध्ये आधीच उतरलेला प्रवासी. त्याला त्याच डॉलरचे जास्त बाट मिळू लागले, आणि शिंप्याकडून एकाऐवजी दोन सूट शिवून घेणे किंवा मुक्काम दोन दिवसांनी वाढवणे हे तो तिथल्या तिथे ठरवू शकत होता. जो अजून घरी बसला होता, त्याचे तसे नव्हते. लांबून येणारा युरोपीय प्रवासी तेव्हा बहुधा टूर कंपनीचे पॅकेज घेऊन येई. अशी कंपनी हॉटेलशी खोल्यांच्या कोट्याचा करार हंगामाच्या कितीतरी महिने आधी करते, त्यावरून आपला दर ठरवते, पुस्तिका छापते आणि गिऱ्हाइकाकडून त्याच्याच देशाच्या चलनात पैसे घेते. थायलंडचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलैमध्ये बाट घसरला तेव्हा त्या हिवाळ्याचे बरेचसे दर ठरून गेले होते. करार बाटमध्ये असेल तर घसरणीचा लाभ टूर कंपनीच्या खिशात, डॉलरमध्ये असेल तर हॉटेलमालकाच्या. प्रवाशाला दोन्ही प्रकारांत जुनाच दर. काही मोठ्या हॉटेलांनी तर घसरणीनंतर आपले दरच डॉलरमध्ये सांगायला सुरुवात केली. स्वस्ताई पुस्तिकेत उतरायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. विलंबाचे हे पहिले कारण, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित.

दुसरे कारण सहलीच्या हिशेबात आहे. समजा, लंडनहून येणाऱ्या एका माणसाची सहल २,००० डॉलरची आहे. त्यातले १,२०० डॉलर विमानाचे आणि ८०० डॉलर, म्हणजे जुन्या दराने २०,००० बाट, थायलंडमध्ये खर्च व्हायचे. विमानाचे इंधन आणि विमानांची भाडी डॉलरमध्ये असल्याने बाट घसरला म्हणून तिकीट उतरत नाही. डॉलरला ४० बाट झाले, तर तोच २०,००० बाटचा खर्च ५०० डॉलरांवर येतो. पण घसरणीने आयात महागते आणि देशातले भावही चढतात. थायलंडमध्ये १९९८ ची महागाई आठ टक्क्यांच्या आसपास होती. ती धरली तर खर्च २१,६०० बाट, म्हणजे ५४० डॉलर होतो. एकूण सहल १,७४० डॉलरची झाली. बाट सदतीस टक्क्यांहून अधिक पडला, सहल मात्र फक्त तेरा टक्क्यांनी स्वस्त झाली. एवढ्यासाठी ठरलेली सुट्टी कोणी लगेच बदलत नाही. पुढच्या वर्षी कुठे जायचे असा प्रश्न निघतो तेव्हा तो आकडा कामी येतो. शेजारच्या देशातून येणाऱ्याच्या खर्चात तिकिटाचा वाटा लहान असतो, म्हणून तो अधिक चटकन वळतो.

पण १९९७-९८ मध्ये शेजाऱ्यांचीही चलने कोसळली होती. दक्षिण कोरियाचा वॉन, मलेशियाचा रिंगिट आणि इंडोनेशियाचा रुपिया घसरल्यावर तिथल्यांना थायलंड फारसे स्वस्त उरले नाही, आणि नोकऱ्या धोक्यात असताना फिरायला जाण्याची ऐपतही उरली नाही. कोरियातून येणारे प्रवासी १९९८ मध्ये साधारण निम्म्यावर आले. मलेशियातूनही घट झाली. त्याच वर्षी ब्रिटन आणि जर्मनीतून येणारे वाढले. एकूण आकडा या दोन प्रवाहांची वजाबाकी होऊन बनलेला आहे, म्हणून तो एवढा मंद दिसतो. परिणाम तपासायचा तर एकूण संख्येकडे न पाहता प्रत्येक देशातून येणाऱ्यांची संख्या त्या देशाच्या चलनाशी असलेल्या बाटच्या दराशेजारी ठेवून पाहावी लागते. त्यातूनही सगळा फरक दराचा निघत नाही. त्या सुमारास थायलंडने ‘अमेझिंग थायलंड’ ही मोठी जाहिरात मोहीम चालवली होती. तिचा वाटा किती आणि बाटचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

आता पैशांकडे. पर्यटनाची बाटमधली कमाई १९९६ मध्ये सुमारे २१,९०० कोटी होती, ती १९९८ मध्ये २४,२०० कोटी आणि २००० मध्ये २८,५०० कोटी झाली. हा आकडा ऐकून कोणताही पर्यटनमंत्री खूश होईल. त्याच कमाईचे त्या त्या वर्षीच्या सरासरी दराने डॉलर केले, तर १९९६ चे सुमारे ८६० कोटी १९९८ मध्ये ५९० कोटींवर आलेले दिसतात. २००० सालीही ते ७१० कोटींच्या आसपासच होते. कारण सरळ आहे. माणशी खर्च बाटमध्ये ३०,००० च्या थोडा वर, जवळपास जिथे होता तिथेच राहिला. म्हणजे प्रवाशांनी सरासरीने स्वस्ताईचा उपयोग जास्त खरेदीसाठी न करता पैसे वाचवण्यासाठी केला असे दिसते. दोन सूट शिवणारे होते, पण थोडे. वरच्या उदाहरणात ८०० डॉलरची जागा ५४० डॉलरने घेतली आहे. जुनी डॉलर-कमाई परत मिळवायची तर येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दीडपट व्हायला हवी. थायलंडमध्ये ती १९९६ च्या तुलनेत १९९८ पर्यंत आठ टक्के आणि २००० पर्यंत बत्तीस टक्के वाढली होती.

आधी खाली आणि मग हळूहळू वर जाणाऱ्या या रेषेला अर्थशास्त्रज्ञ इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकारावरून जे-वक्र म्हणतात. मालाच्या निर्यातीत तो दिसतोच, पर्यटनातही दिसतो. दर त्याच दिवशी बदलतो, संख्या बदलायला मात्र हंगाम जावे लागतात, म्हणून सुरुवातीची कमाई कमीच होते. ज्या देशाला कर्ज डॉलरमध्ये फेडायचे आहे त्याच्यासाठी डॉलरचा आकडाच महत्त्वाचा. बँकॉकमधल्या खाणावळवाल्याचे भाडे आणि पगार बाटमध्ये असतात, त्याच्यासाठी बाटचा. परकीय चलनाच्या खात्यावर तत्काळ उपयोग होतो तो दुसऱ्या बाजूने. देशातली माणसे परदेशी सहली रद्द करतात आणि त्यांचे डॉलर वाचतात. या बाजूला विलंब जवळजवळ नसतोच.

हीच घाई गोव्यात उलट्या बाजूने अनुभवास आली. २०१४ च्या मध्यापर्यंत डॉलरला ३५ च्या आसपास असलेला रुबल त्या डिसेंबरात ६० च्या पुढे घसरला. रशियन टूर कंपन्यांनी गोव्याची चार्टर विमाने कमी केली, आणि मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन भाषेत पाट्या लावणाऱ्या शॅकवाल्यांना त्याच हंगामात गिऱ्हाईक तुटल्याचे जाणवले. प्रवाशाच्या स्वतःच्या चलनाची घसरण त्याच्या खिशाला थेट लागते आणि चार्टर रद्द करायला काही आठवडे पुरतात. यजमान देश स्वस्त झाल्याची बातमी मात्र लोकांपर्यंत पोचावी लागते, जाऊन आलेल्यांनी ती इतरांना सांगावी लागते, आणि मग विमान कंपन्यांना जागा वाढवाव्या लागतात. महागाईचा धक्का जलद आणि स्वस्ताईचा लाभ सावकाश, असा हा फरक आहे.

स्वस्ताई टिकते की नाही, हा वेगळा प्रश्न. देशातले भाव घसरणीइतकेच चढले तर प्रवाशाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून नाममात्र दराऐवजी भावपातळी हिशेबात घेतलेला वास्तव विनिमय दर पाहतात. तुर्कस्तानात लिरा वर्षानुवर्षे घसरत होता, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली अधिकृत वार्षिक महागाई पंच्याऐंशी टक्क्यांवर पोचली होती. अशा ठिकाणी केवळ लिऱ्याचा दर पाहून देश स्वस्त झाला असे म्हणणारा फसतो.

विलंब किती लांबू शकतो हे आइसलँडने दाखवले. २००८ मध्ये तिथल्या बँका कोसळल्या आणि क्रोनाचा युरोतील भाव दोन वर्षांत जवळपास निम्मा झाला. तरी प्रवासी २००८ मध्ये सुमारे ५ लाख होते, ते २००९ आणि २०१० मध्येही तेवढ्यावरच राहिले. २०१० च्या वसंतात एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमाने जमिनीवर अडकून पडली, हेही त्यात मिसळले आहे. खरी उसळी नंतरची. २०१४ मध्ये सुमारे १० लाख, २०१६ मध्ये जवळपास १८ लाख आणि २०१७ मध्ये २२ लाख प्रवासी आले. त्याला नवी स्वस्त विमानसेवा आणि नवी हॉटेले कारण झाली. हॉटेल बांधायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि प्रवासी येतील अशी खात्री पटल्यावाचून ते कोणी बांधत नाही. गंमत अशी की २०१६-१७ पर्यंत क्रोना पुन्हा बराच वधारला होता आणि आइसलँड महाग झाले होते, तरी गर्दी वाढतच होती. महाग झाल्याचा परिणामही उशिराच आला. २०१८ मध्ये वाढ मंदावून संख्या २३ लाखांवर गेली. मार्च २०१९ मध्ये वॉव एअर ही विमान कंपनी बंद पडली आणि त्या वर्षी प्रवासी २० लाखांच्या आसपास उतरले.