डीएनएवरून त्वचा व केस यांच्या रंगांचे अनुमान

गुन्ह्याच्या जागी सापडलेले रक्त, लाळ, केसाचे मूळ इत्यादींतील डीएनए तपासून तो मागे ठेवणाऱ्या अज्ञात व्यक्तीच्या त्वचेचा व केसांचा रंग संभाव्यतेच्या भाषेत सांगण्याची न्यायसहायक विज्ञानातील पद्धत. नेहमीच्या डीएनए चाचणीत घटनास्थळीच्या नमुन्याची संशयिताच्या नमुन्याशी तुलना करतात. संशयितच हाती नसेल, तर ती चाचणी मुकी राहते. अशा वेळी तपासाला दिशा मिळावी, एवढाच या अनुमानाचा हेतू असतो.

त्वचा व केस यांचे रंग मोजण्याचे प्रयत्न डीएनएच्या ज्ञानापेक्षा बरेच जुने आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानवशास्त्रज्ञ फोन लुशान यांच्या ३६ रंगीत काचतुकड्यांशी त्वचा ताडून पाहत व केसांसाठी ऑयगेन फिशर यांची तक्ती वापरीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढे अनेक वर्षे अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी बर्लिन येथे याच फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी संशोधन केले होते. महाराष्ट्रात परतल्यावर मात्र त्यांनी ठोकळ वंशभेदांपेक्षा वेगळा विचार पुढे मांडला. जैविक अभ्यासाचे एकक वर्ण अथवा मोठा जातिसमूह हे नसून प्रत्यक्ष अंतर्विवाही गट हे होय, असे त्यांचे म्हणणे होते. कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली मोडणारे लोक जैविक दृष्ट्या एकच असतात असे गृहीत धरू नये, ही त्यांची सूचना आजच्या डीएनए-अनुमानालाही लागू पडते.

रंगाच्या अनुमानाची सुरुवात केसांपासून झाली. एमसी१आर या जनुकातील काही बदलांमुळे केस तांबडे होतात, हे ध्यानात घेऊन ब्रिटनमध्ये २००१ मध्ये तांबड्या केसांसाठी चाचणी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २००३ मध्ये एका खूनसत्राच्या तपासात संशयित गोरा असल्याचे गृहीत धरण्यात आले होते. डीएनएवरून वांशिक उगम तपासला असता तो सु. ८५ टक्के आफ्रिकी निघाला. तपासाची दिशा बदलली व त्याच वर्षी आरोपी पकडला गेला. येथे रंग थेट वाचलेला नव्हता. उगमावरून तो तर्काने काढला होता. रंगाच्या जनुकांवर आधारलेली पद्धत त्यानंतर विकसित झाली. मानफ्रेट काइझर, सुझन वॉल्श व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये डोळ्यांसाठी, २०१३ मध्ये केसांसाठी आणि २०१८ मध्ये त्वचेसह तिन्हींसाठी चाचण्या प्रसिद्ध केल्या. शेवटच्या चाचणीचे नाव हायरिसप्लेक्स-एस असे असून तीत डीएनएतील ४१ स्थाने वाचतात. त्यांतील ३६ स्थाने त्वचेसाठी आहेत. सु. ६३ पिकोग्रॅम, म्हणजे जेमतेम दहा पेशींतील डीएनए तिला पुरतो. मात्र नमुन्यात दोन व्यक्तींचे डीएनए मिसळलेले असतील, तर कोणते रूप कोणाचे हे ठरत नाही. डीएनए फार झिजलेला असेल, तर एखाद्या स्थानाच्या दोन रूपांपैकी एकच दिसते आणि उत्तर नकळत चुकते. म्हणून थोड्या डीएनएची चाचणी पुन्हा करून दोन्ही वाचने जुळतात की नाही, हे पाहावे लागते.

चाचणी ‘सावळा’ वा ‘गोरा’ असे उत्तर देत नाही. अतिगोरा, गोरा, मध्यम, सावळा व काळा अशा पाच वर्गांची संभाव्यता ती देते. या गणिताची परीक्षा १९४ स्वतंत्र व्यक्तींवर घेण्यात आली होती. तिच्या फलाचा अर्थ असा सांगता येईल : एक व्यक्ती काळ्या वर्गातील व दुसरी त्याबाहेरील अशी जोडी घेतली, तर १०० पैकी सु. ९७ जोड्यांत गणित पहिलीला अधिक संभाव्यता देते. सावळ्या वर्गासाठी हा आकडा ८७ आहे. मध्यम वर्गासाठी तो ७३ वरच थांबतो. नाणे उडवूनही ५० जोड्या बरोबर येतात, हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्रातील पुष्कळ लोक मध्यम व सावळा या वर्गांच्या सीमेवर येतात. म्हणजे पद्धतीच्या दुबळ्या भागातच आपली गरज सर्वाधिक पडते.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यावस्त्यांत महादेव कोळी, कातकरी व धनगर राहतात, खोऱ्यांत मराठा शेतकरी आहेत, तर पूर्वेकडील हिंजवडीच्या संगणक उद्योगांत देशाच्या सर्व प्रांतांतून लोक येतात. समजा, धरणकाठच्या एका बंगल्यात चोरी झाली व फुटलेल्या काचेवर रक्त सापडले. चाचणीने केस काळे असण्याची संभाव्यता ०·९९ दिली. त्वचेसाठी मध्यम ०·४५, सावळा ०·४३, काळा ०·१० व गोरा ०·०२ असे आकडे आले. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) केसांचे अनुमान जवळजवळ निश्चित आहे, पण परिसरातील १,००० प्रौढांपैकी ९९० जणांचे केस मुळात काळे असतील, तर त्यामुळे फक्त १० जण वगळले जातात. चाचणी न करता ‘काळे’ म्हणणाराही ९९ टक्के वेळा बरोबर ठरला असता. अचूकता आणि उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा. शिवाय केस पिकलेले वा मेंदीने रंगविलेले असल्यास ते डीएनएवरून कळत नाही.

त्वचेबाबत प्रामाणिक अहवाल ‘मध्यम ते सावळा’ एवढाच होईल. १,००० पैकी ७५० जण या वर्णनात बसत असतील, तर वगळले जाणारे अडीचशेच उरतात आणि आकडे पाहता खरा माणूस त्या अडीचशेंत असण्याची शक्यताही १०० मध्ये १२ आहे. त्यात उन्हाचा प्रश्न येतो. भातखाचरात राबणाऱ्याचा चेहरा व त्याच्या दंडाची आतील बाजू यांच्या रंगांत ठळक फरक असतो. जनुके सांगतात तो मूळ रंग. साक्षीदार पाहतो तो उन्हाने रापलेला. एसएलसी२४ए५ या रंगाशी निगडित प्रमुख जनुकातील एका बदलाने दक्षिण आशियाई लोकांच्या रंगातील सु. २७ टक्के भिन्नतेचा उलगडा होतो, असे हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात आढळले. उरलेली भिन्नता इतर जनुके, ऊन व अद्याप न ओळखलेली कारणे यांत वाटलेली आहे.

‘सावळा’ हा शब्द एखाद्या वस्तीचे नाव बनू शकतो, हा या पद्धतीचा सर्वांत गंभीर धोका होय. ब्रिटिश अमदानीत १८७१ पासून गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली पारधी इत्यादी जमातींवर जन्मावरूनच संशयाचा शिक्का मारण्यात आला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण संशयाची सवय तेवढ्याने मोडत नाही. शेकडो निर्दोष व्यक्तींना लागू पडणारे वर्णन पाड्यावरील लोकांच्या चौकशीचे निमित्त होता कामा नये. नेदर्लंड्सने २००३ मध्ये अशा अनुमानासाठी कायदा केला, तर जर्मनीने २०१९ मध्ये डोळे, केस व त्वचा यांच्या रंगांच्या अनुमानास परवानगी दिली. भारतात डीएनए तंत्रज्ञानविषयक विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

रंगाच्या अनुमानाने कोणाचा दोष सिद्ध होत नाही. संशयित सापडल्यावर त्याच्या नमुन्याशी नेहमीची तुलना करावीच लागते. ती जुळली नाही, तर त्वचेचा रंग वर्णनाशी कितीही मिळताजुळता असला, तरी रक्त त्याचे नाही.