दैनिक विक्रीची खतावणी

बिलिंग यंत्रावरील दिवसभराची विक्री हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच नोंदीने चढवण्याची पद्धत. त्यासाठी प्रत्येक उत्पादनगटाला विक्रीचे व कराचे, तर प्रत्येक भरणाप्रकाराला स्वतंत्र खाते आधी जोडून ठेवतात.

उदा., ५% जीएसटी लागणाऱ्या उपाहारगृहाची विक्री २०,००० रु. असल्यास विक्री खाते २०,००० आणि सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी ५०० रुपयांनी जमा होते. रोकड ८,०००, यूपीआय येणे ९,००० व कार्ड येणे ४,००० रु. नावे पडतात. कार्डाची रक्कम थेट बँक खात्याला जोडत नाहीत, कारण ती नंतर, कमिशन कापून येते. बँकेत ३,९४१ रु. आले, तर ५० रु. कमिशन व ९ रु. त्यावरील जीएसटी नोंदवून ‘कार्ड येणे’ शून्यावर आणतात. तिथे शिल्लक उरत राहिली, तर भरणाप्रकार चुकला किंवा रक्कम आलेली नाही, असे समजावे.