विभाजित अंतरांची कुळकथा

धूमकेतूचे वेध घेणाऱ्यास निरभ्र रात्री ठरावीक अंतराने लाभत नाहीत. म्हणूनच न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या खंडात, दिलेल्या बिंदूंतून जाणारा बहुपदी वक्र काढण्याची रीत सांगितली तेव्हा समान कालांतरांवर न थांबता विषम कालांतरांचेही प्रकरण घातले, आणि पुढच्याच सिद्धांतिकेत मधल्या कोणत्याही क्षणीचे धूमकेतूचे स्थान काढण्याकडे ती लावली. ब्रह्मगुप्ताने ६६५ मध्ये ‘खंडखाद्यका’त भुजज्यांच्या कोष्टकातील मधली किंमत काढताना दुसऱ्या अंतरापर्यंत मजल मारली होती, तर न्यूटनच्या रीतीत हव्या तितक्या पायऱ्या चढता येतात.

मॅक्स वोल्फ याने १८९१ मध्ये छायाचित्राच्या साह्याने पहिला लघुग्रह शोधला, त्यानंतर डोळ्यांनी घेतलेल्या वेधांची जागा काचेच्या तबकड्यांनी हळूहळू घेतली. मोजणी सूक्ष्म झाली, परंतु ढगाळ रात्र रिकामीच राहिली. समजा, एका लघुग्रहाचे ठरलेल्या ताऱ्यापासूनचे अंतर ०, १, ३ व ४ या रात्रींच्या तबकड्यांवर अनुक्रमे ४, १५, ४३ व ६०.६ कला भरले, आणि दुसरी रात्र हुकली. लगतच्या दोन स्थानांमधील फरकास त्यांच्यामधील काळाने भागले की ११, १४ व १७.६ ही पहिली विभाजित अंतरे येतात. या अंतरांमधील फरकांना आता लगतच्या नव्हे, तर तिन्ही वेधांना कवेत घेणाऱ्या काळाने, म्हणजे ३ ने, भागावयाचे, आणि नवशिक्याचा हिशेब बहुधा येथेच चुकतो; त्यातून १ व १.२ मिळतात, आणि त्यांच्या फरकास ४ ने भागता ०.०५ उरते.

ही अंतरे स्तंभांत मांडून प्रत्येक स्तंभातील पहिली संख्या घेतली की बहुपदी मांडली जाते:

```
P(t) = 4 + 11t + t(t−1) + 0.05·t(t−1)(t−3)
```

दुसऱ्या रात्रीसाठी पहिली तीन पदे २८ कला देतात आणि चौथी तबकडी त्यांतून केवळ ०.१ वजा करते, म्हणजे उत्तर २७.९, आणि नवी तबकडी हाती आल्यावर आधीचे गणित न मोडता एकच पद जोडावे लागते, हे मला या मांडणीचे खरे सौंदर्य वाटते.

परंतु ते ०.०५ गतीतून आले की मोजणीतून, हे विचारलेच पाहिजे. चौथ्या तबकडीवर ६० कला भरल्या असत्या तर तिसरे अंतर शून्य आले असते, म्हणजे ०.६ कलेचा मोजणीदोषही हेच चिन्ह उमटवू शकतो, आणि तो ओळखण्यास ती तबकडी पुन्हा मोजणे किंवा पाचवा वेध मिळवणे आवश्यक आहे. वेधांच्या मधल्या रात्री त्या संशयाची किंमत ०.१ कला एवढीच आहे. मात्र याच सूत्राने आठव्या रात्रीचे स्थान काढू पाहिल्यास तेच पद १४ कला होते, १४८ चे १६२ होतात, आणि दुर्बीण रोखावी तेथे लघुग्रह आढळत नाही.