समोरासमोरच्या दोन रांगांची बैठक व्यवस्था कशी सोडवायची?

बँकांच्या भरती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात बैठक व्यवस्थेचे प्रश्न हमखास असतात. त्यातल्या एका प्रकारात माणसे दोन समांतर रांगांत समोरासमोर बसलेली असतात. कोण कोणाच्या डावीकडे, उजवीकडे किंवा समोर आहे, एवढीच माहिती मिळते. त्यावरून पूर्ण मांडणी शोधायची असते.

आधी दिशा ठरवा

कागदावर वरची बाजू उत्तर मानतात. रांगा समोरासमोर असल्याने दक्षिणेकडे तोंड असलेली रांग वर आणि उत्तरेकडे तोंड असलेली रांग खाली काढावी लागते. उलट काढल्यास माणसे एकमेकांकडे पाठ करून बसतील.

खालच्या रांगेतील माणसांचे डावे-उजवे आपल्यासारखेच असते. वरच्या रांगेचे तोंड आपल्याकडे असल्यामुळे त्यांचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. सुरुवातीलाच वरच्या रांगेच्या डाव्या टोकाला ‘उ’ आणि उजव्या टोकाला ‘डा’ लिहून ठेवावे. खालच्या रांगेला याच्या उलट खुणा कराव्यात.

एक उदाहरण

अमोल, भारती, चेतन आणि दीपा दक्षिणेकडे तोंड करून बसले आहेत. पूजा, केदार, राहुल आणि सीमा उत्तरेकडे तोंड करून बसले आहेत. प्रत्येकाच्या बरोबर समोर दुसऱ्या रांगेतील एक जण आहे.

१. चेतन पूजाच्या समोर आहे.
२. राहुल पूजाच्या डावीकडे दुसरा आहे.
३. अमोल चेतनच्या लगेच उजवीकडे आहे.
४. केदारच्या समोरची व्यक्ती चेतनच्या लगेच डावीकडे आहे.
५. भारती राहुलच्या समोर नाही.

आपल्या डावीकडून जागांना १ ते ४ क्रमांक देऊ. सुरुवात दुसऱ्या अटीपासून करावी, कारण तिने लगेच मोजक्या शक्यता उरतात. ‘डावीकडे दुसरा’ म्हणजे मध्ये एक जण. त्यामुळे राहुल १ आणि पूजा ३, किंवा राहुल २ आणि पूजा ४, एवढ्या दोनच शक्यता आहेत. दोन्हींच्या आकृत्या शेजारी शेजारी काढाव्यात.

‘समोर’ची अट एका रांगेतली माहिती दुसरीत नेते. पहिल्या अटीनुसार चेतन पूजासमोर, म्हणजे पहिल्या शक्यतेत ३ वर आणि दुसरीत ४ वर येतो. त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे असल्यामुळे अमोल पहिल्या शक्यतेत २ वर आणि दुसरीत ३ वर बसतो.

आता चौथी अट. चेतनच्या लगेच डावीकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे, कोणीतरी हवे. दुसऱ्या शक्यतेत चेतन ४ वर, म्हणजे टोकालाच आहे. त्याच्या पुढे जागाच नाही, म्हणून ही शक्यता बाद. पहिल्या शक्यतेत ती जागा ४ आहे आणि तिच्या समोर केदार. त्यामुळे २ वर सीमा उरते.

वरच्या रांगेत १ आणि ४ रिकाम्या आहेत. भारती राहुलसमोर नाही, म्हणून ती ४ वर आणि दीपा १ वर.

```
उ   दीपा   अमोल   चेतन   भारती   डा   (तोंड दक्षिणेकडे)
डा  राहुल  सीमा   पूजा   केदार   उ    (तोंड उत्तरेकडे)
```

न दिसणारी चूक

वरच्या रांगेचे डावे-उजवे आपल्या हाताप्रमाणे धरले तर काय होते? अमोल ४ वर जातो, केदार आणि भारती २ वर येतात आणि सीमा ४ वर जाते. गंमत म्हणजे कुठेही अडत नाही. सगळी माणसे व्यवस्थित बसतात आणि मांडणी बरोबर वाटते.

‘सीमासमोर कोण?’ असे विचारले तर दोन्ही मांडण्यांत ‘अमोल’ हेच उत्तर येते. पण ‘दक्षिणेकडे तोंड असलेल्या रांगेच्या टोकांना कोण?’ असे विचारले की फरक उघड होतो. बरोबर उत्तर दीपा आणि भारती. चुकीच्या मांडणीत दीपा आणि अमोल. एका मांडणीवर सहसा अनेक प्रश्न विचारतात, त्यामुळे एका चुकीने बरेच गुण जाऊ शकतात.

म्हणून शेवटी पडताळणी करताना कागद उलटा फिरवावा. वरची रांग खाली येते आणि तिचे डावे-उजवे आपल्यासारखेच होते. त्या स्थितीत तिसरी अट पुन्हा वाचावी. बरोबर मांडणीत अमोल चेतनच्या उजव्या हाताला दिसतो, चुकीच्या मांडणीत तो डाव्या हाताला दिसतो.

अटीत ‘लगेच’ हा शब्द आहे की नाही, हेही पाहावे. नुसते ‘उजवीकडे’ म्हटले असेल तर ती व्यक्ती त्या बाजूला कितीही दूर असू शकते. अशी अट मांडणी सुरू करायला उपयोगी पडत नाही. ती शेवटी, उरलेल्या शक्यता गाळण्यासाठी वापरावी.