रक्ताची पहिली गुठळी : गोळी तीन महिने, की पुढे चालूच?

पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली किंवा ती सुटून फुफ्फुसात अडकली, की रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते. महिना-दीड महिन्यात पायाची सूज उतरते, दम लागणं कमी होतं, आणि मग घराघरांत एकच प्रश्न येतो : "आता बरं वाटतंय, तर गोळी बंद करायची का?" काहीजण स्वतःच बंद करून टाकतात. काहीजण उलट करतात. कोणी विचारलं नाही म्हणून चार-चार वर्षं तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळी आणत राहतात. दोन्ही चुकीचं आहे, कारण गोळी किती दिवस घ्यायची हे सुजेवर ठरत नाही. गुठळी कशामुळे झाली, यावर ते ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ही गोळी गुठळी विरघळवत नाही. जुनी गुठळी शरीर स्वतः हळूहळू विरघळवतं. गोळी तेवढ्या काळात तिला वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. या कामाला साधारण तीन महिने लागतात. म्हणून कारण काहीही असो, पहिले तीन महिने कोणालाही सूट नाही. स्वीडनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या गुठळीच्या काही रुग्णांना सहा आठवडे आणि काहींना सहा महिने औषध दिलं. दोन वर्षांत पहिल्या गटात १००पैकी १८ जणांना पुन्हा गुठळी झाली, दुसऱ्या गटात साडेनऊ जणांना. सूज उतरली म्हणून दीड महिन्यात गोळी सोडणारा माणूस पहिल्या गटात जाऊन बसतो.

खरा निर्णय तीन महिन्यांनंतरचा. तो समजायला दोन रुग्ण बघू. दोन्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असे रुग्ण कुठल्याही दवाखान्यात भेटतील.

पहिली रुग्ण लाखनीकडची ४६ वर्षांची बाई. नागपूरला गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं. पूर्ण भूल होती, दोन तास लागले, पाच दिवस भरती होती. घरी आल्यावर अठराव्या दिवशी डावी पोटरी सुजली, दाबली की दुखायला लागली. डॉपलर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी दिसली. एपिक्साबॅन सुरू झालं : पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दोन वेळा, नंतर ५ मिलिग्रॅम दोन वेळा.

हिच्या गुठळीला ठोस कारण आहे. अर्ध्या तासापेक्षा जास्त चाललेलं पूर्ण भुलेचं ऑपरेशन, सिझेरियन, किंवा अचानक आलेल्या आजारात तीन दिवस किंवा जास्त दवाखान्यात अंथरुणाला खिळून राहणं, यांतलं काही गुठळीच्या आधीच्या तीन महिन्यांत घडलं असेल, तर डॉक्टर त्याला मोठं तात्पुरतं कारण मानतात. ऑपरेशन झालं, जखम भरली, बाई चालू-फिरू लागली, म्हणजे कारण निघून गेलं. अशा रुग्णांत गोळी बंद केल्यावर वर्षभरात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण १००पैकी सुमारे एक आहे. रक्तस्त्रावाचा धोका पत्करून गोळी चालू ठेवण्यात मग फायदा उरत नाही. तीन महिने, आणि बंद.

पण बंद करण्याआधी एक कागद बघावा लागतो, तो अनेकदा घरच्यांच्या लक्षातही नसतो : काढलेल्या गर्भाशयाचा बायोप्सी रिपोर्ट. त्यात कॅन्सर निघाला तर सगळा हिशेब बदलतो. कॅन्सर हे टिकून राहणारं कारण आहे. तो अंगात आहे किंवा त्याचा इलाज चालू आहे तोवर गोळीही चालू राहते. ऑपरेशन नागपूरला, गुठळीचा इलाज भंडाऱ्याला, आणि रिपोर्ट कोणाकडेच नाही, असं झालं तर डॉक्टरसमोर अर्धीच गोष्ट येते.

दुसरा रुग्ण तुमसरचा ५२ वर्षांचा दुकानदार. उमरा करून आला, आणि आठ दिवसांनी जिना चढताना दम भरला, श्वास घेतला की छातीत टोचायला लागलं. सीटी अँजिओग्राफीत दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या दिसल्या. ऑपरेशन नाही, मार लागलेला नाही, अंथरुणात पडून राहिलेला नाही. घरचे म्हणाले, "विमानात बसून झालं, आता कुठं विमान आहे? तीन महिन्यांनी बंद करा."

इथेच गफलत होते. चार तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासाने धोका वाढतो हे खरं, पण तो फार छोटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दिलेला अंदाज असा, की अशा प्रवासानंतर सुमारे ६००० जणांत एकाला गुठळी होते. त्याच विमानातले बाकी हाजी ठणठणीत घरी आले आणि यालाच झाली, म्हणजे याच्या रक्तात गुठळीकडे झुकणारं काहीतरी आधीपासून आहे. प्रवासाने फक्त धक्का दिला. म्हणून अशा किरकोळ कारणाला ऑपरेशनच्या रांगेत बसवत नाहीत. या माणसाची गणना जवळजवळ विनाकारण गुठळी झालेल्यांत होते.

विनाकारण गुठळीचे आकडे वेगळेच आहेत. जगभरच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१९ साली जे चित्र पुढे आलं त्यानुसार, गोळी बंद केल्यावर पहिल्या वर्षात १००पैकी १० जणांना पुन्हा गुठळी होते, पाच वर्षांत २५ जणांना, दहा वर्षांत ३६ जणांना. पुरुषांत दहा वर्षांचा आकडा ४१ आहे, बायकांत २९. आणि ज्याची पहिली गुठळी फुफ्फुसात होती, त्याची दुसरीही बहुधा तिथेच जाते.

मग तीनऐवजी बारा महिने गोळी दिली तर? इटलीतल्या डॉक्टरांनी नेमकं हेच करून बघितलं. विनाकारण गुठळीच्या काही रुग्णांची गोळी तीन महिन्यांनी बंद केली, काहींची वर्षाने. २००१ साली निकाल आला : काही वर्षांनी दोन्ही गटांत पुन्हा गुठळी झालेल्यांचं प्रमाण सारखंच होतं, १००पैकी जवळपास १६. गोळी चालू होती तोवर संरक्षण होतं, बंद केली की धोका परत आला. म्हणून अशा रुग्णाला "सहा महिने" किंवा "एक वर्ष" अशी तारीख देण्याला फारसा अर्थ नाही. तीन महिन्यांनी थांबायचं, नाहीतर शेवटची तारीख न ठरवता चालू ठेवायची आणि दरवर्षी फेरविचार करायचा, असे दोनच रस्ते उरतात.

आपला दुकानदार दुसऱ्या रस्त्याने जाईल. वय फार नाही, किडनी चांगली आहे, पोटात कधी अल्सर नाही, हिमोग्लोबिन ठीक आहे. सहा महिन्यांनंतर त्याचा डोस अर्धा करता येतो : एपिक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दोन वेळा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या अर्ध्या डोसवर वर्षभरात १००पैकी दोघांपेक्षा कमी जणांना पुन्हा गुठळी झाली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत जवळपास नऊ जणांना, आणि मोठा रक्तस्त्राव अर्ध्या डोसमुळे वाढलेला दिसला नाही. मात्र अशा चाचण्यांत निवडून घेतलेली माणसं असतात. रोजच्या जगात पूर्ण डोसवर वर्षाला १००पैकी सुमारे एकाला मोठा रक्तस्त्राव होतो, वॉरफरिनवर त्याहून थोडा जास्त. ७५ वर्षांचे अब्बा असतील, किडनी कमजोर असेल आणि गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक चालू असेल, तर पारडं गोळी बंद करण्याकडे झुकू शकतं. आधी ती दुखण्याची गोळी बंद होते का, हे बघायला हवं.

दोन्हींच्या मधे बसणारी एक गोष्ट आपल्या घरांत जास्त दिसते, आणि ती डॉक्टरला सांगितलीच जात नाही. हज-उमऱ्यात किंवा रमजानमध्ये पाळी पुढे ढकलण्यासाठी बायका नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतात. मोठ्या डोसमध्ये या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. या गोळ्या चालू असताना गुठळी झाली, तर ते निघून जाऊ शकणारं कारण आहे. हार्मोन कायमचं बंद केल्यावर अशा बायकांत पुन्हा गुठळी होण्याचा धोका कमी राहतो, आणि तीन महिन्यांनी गोळी थांबवता येऊ शकते. पण ही माहिती लपली, तर गुठळी "विनाकारण" ठरते, आणि तिशीतल्या बाईला वर्षानुवर्षं औषध लागतं. संकोच वाटत असेल तर गोळ्यांचं रिकामं पाकीट नुसतं टेबलावर ठेवा. अशी गुठळी होऊन गेलेल्या बाईने पुढे कधीही, एका उमऱ्यापुरत्याही, या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

आपल्या जिल्ह्यापुरती अजून एक गोष्ट. भंडारा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त एरवीसुद्धा गोठण्याकडे झुकलेलं असतं. छातीत दुखणं आणि दम लागणं हे नेहमीचं "सिकलचं दुखणं" समजून फुफ्फुसातली गुठळी सुटून जाते. डी-डायमरची रक्ततपासणीही इथे कामाची नाही, कारण सिकलसेलमध्ये ती तशीही वाढलेली असते. संशय आला तर सीटीच करावा लागतो. अमेरिकन हिमॅटॉलॉजी सोसायटीचा सल्ला असा आहे, की सिकलसेलच्या प्रौढ रुग्णाला ठोस कारणाने पहिली गुठळी झाली तर तीन ते सहा महिने औषध द्यावं, आणि कारण नसेल तर शेवटची तारीख न ठरवता चालू ठेवावं. नुसत्या सिकलसेलमुळे गोळी आपोआप जन्मभराची होत नाही. इथेही आधी कारणच विचारतात.

गोळी चालू असलेल्यांना रमजानमध्ये अडचण येते. नव्या गोळ्यांचा असर जेमतेम दिवसभर टिकतो, त्यामुळे "महिनाभर थांबू" हे चालत नाही. रिव्हारोक्साबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच अंगी लागते. ती इफ्तारनंतरच्या जेवणासोबत घेतली की दिवसाचं काम झालं. एपिक्साबॅन दोन वेळा असतं, सहरी आणि इफ्तारला घेता येतं, पण दोन डोसमधलं अंतर सारखं राहत नाही, म्हणून आधी डॉक्टरला विचारून घ्या. गुठळी होऊन पहिले तीन आठवडेच झाले असतील, तर डोस मोठा आणि धोकाही सगळ्यात जास्त असतो. त्या काळातले रोजे नंतर पूर्ण करता येतात.

सुट्टीच्या कार्डावर तीन गोष्टी लिहून मागा : गुठळी कुठे होती, तिचं कारण डॉक्टरने काय ठरवलं, आणि फेरतपासणीची तारीख. नुसतं "गोळी चालू ठेवा" एवढंच लिहिलेलं कार्ड तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. ज्यांची गोळी बंद झाली त्यांनीही हे कार्ड फेकू नये. लाखनीच्या त्या बाईचं पुढे खुब्याचं ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला जुनी गुठळी कळायला हवी; तेव्हा काही आठवडे बचावाचा डोस लागतो. बाळंतपणात गुठळी झालेल्या मुलीला पुढच्या वेळी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे इंजेक्शन लागू शकतं, आणि ते नवव्या महिन्यात नाही, दिवस राहिल्याचं कळताच विचारायचं असतं.